स्लॅबवरची रेंज आणि गैरहजेरीची यादी: ऑनलाइन प्रशिक्षण ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणांचं नियोजन करणारे सर्व अधिकारी,

सविनय नमस्कार.

प्रशिक्षण चालू असताना प्रत्येकाने कॅमेरा सुरू ठेवलाच पाहिजे आणि सत्र संपल्यावर दहा मिनिटांत हजेरीचा फॉर्म भरलाच पाहिजे, या दोन सूचना आपण मागे घ्याव्यात, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे. या सूचना शिक्षकाने मन लावून शिकावं म्हणून दिल्या असतील, याबद्दल मला शंका नाही. पण कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत ज्या शाळा आहेत तिथे या सूचना शिक्षकाचं लक्ष मोजत नाहीत. त्या मोजतात ते शाळा आणि टॉवर यांच्यामधलं अंतर, आणि गैरहजेरी मात्र शिक्षकाच्या नावावर पडते.

माझी सगळी नोकरी दूरसंचारात गेली. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड या भागांत टॉवरच्या कामासाठी पावसाळे काढले. आता निवृत्त होऊन कोल्हापुरात राहतो. माझी पुतणी राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीवर शिक्षिका आहे. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तशा वाड्या एक-दोन नाहीत. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन शिक्षक. तिला गाव बाई म्हणतं, म्हणून मीही इथे बाईच म्हणतो. श्रावणात तिचा फोन आला. "काका, माझा मोबाईल बिघडलाय का टॉवर, तेवढं एकदा येऊन बघा. गेल्या ट्रेनिंगला सबंध वेळ हजर असून माझं नाव गैरहजरच्या यादीत आलं. खुलासा द्यायला सांगितलाय." पुढचं सत्र दोन दिवसांनी, सकाळी अकराला होतं. मी सकाळच्या एसटीने गेलो.

शाळा सोंडेच्या अगदी पायथ्याला आहे. दगडी भिंती, वर पत्रा. टॉवर सोंडेच्या पलीकडे, पूर्वेला, मोठ्या गावाजवळच्या टेकावर. पाखरासारखं सरळ गेलं तर अंतर फार नाही, पण मध्ये डोंगर आडवा आहे. मोबाईलच्या लहरी डोंगरातून आरपार जात नाहीत. कड्यावरून थोड्या वाकून जे खाली उतरतं, तेवढंच खोऱ्यातल्या माणसाच्या वाट्याला येतं. त्यातही जी कमी वारंवारितेची लहर असते, आपल्याकडे ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झची, ती जरा बरी वाकते. १८०० किंवा २३०० ची तेवढी वाकत नाही. म्हणून एकाच वाडीत एका कंपनीचं कार्ड चालतं आणि दुसरीचं मुकं पडतं. त्यात मोबाईलचा दोष नसतो.

बाईंचा मोबाईल धड होता. मी तो घेऊन वर्गात गेलो आणि सेटिंगमधून सिमच्या माहितीचं पान उघडलं. तिथे सिग्नलची ताकद आकड्यात दिसते. पुष्कळ अँड्रॉइड फोनवर `*#*#4636#*#*` हे बटणांवर दाबलं तरी हाच आकडा दाखवणारं पान येतं. वरच्या कोपऱ्यातल्या काड्यांवर मी विश्वास ठेवत नाही. किती ताकदीला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, त्यामुळे एकाच जागी एका फोनवर दोन आणि दुसऱ्यावर तीन दिसतात. आकडा मात्र बोलतो. फोर-जीला उणे ८०-८५ असेल तर उत्तम, उणे १०० च्या खाली गेलं की ओढाताण सुरू, आणि उणे १२० च्या आसपास संपलंच समजा. वर्गात आकडा होता उणे ११९. व्हरांड्यात उणे ११५. वरच्या पत्र्यावरून लहर परतते आणि दगडी भिंत राहिलेली खाऊन टाकते, त्यामुळे वर्गापेक्षा व्हरांडा बरा.

"इथं नाहीच लागत, काका. आम्ही पलीकडच्या स्लॅबवर जातो," बाई म्हणाल्या.

पलीकडे म्हणजे शाळेला लागून असलेलं स्लॅबचं घर. वाडीत तेवढंच. जिना बाहेरून आहे आणि त्याला कठडा नाही. वर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या उभ्या, त्यांच्या टोकांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घातलेल्या. घरच्या आजी दारातूनच ओरडल्या, "जपून चढा बाई, शेवाळ धरलंय!" नुकतीच सर येऊन गेली होती. बाईंनी चपला खाली काढल्या, पदर खोचला, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि भिंतीला हात लावत वर गेल्या. त्यांच्या मागून मी. खाली भातात इरली घेतलेल्या बायका भांगलण करत होत्या. त्यांतल्या एकीने मान वर करून विचारलं, "आज बी मीटिंग हाय व्हय बाई?" इतकं ते नेहमीचं झालं आहे.

वर गेल्यावर पिशवीतला मोबाईल वाजायला लागला. आदल्या रात्रीपासूनचे निरोप एकदम उतरले. त्यात सत्राची लिंक होती, सकाळी नऊला टाकलेली, आणि तिच्याखाली "सर्वांनी पोच द्यावी" असा साडेनऊचा आदेश. तेव्हा दहा वाजून गेले होते. आपण निरोप पाठवता तेव्हा तो शिक्षकाला पोचतोच असं नाही. तो कुठेतरी थांबून राहतो आणि शिक्षक स्लॅबवर चढला की पोचतो.

आता जागा शोधायची. पाण्याच्या टाकीमागे उणे ११२. जिन्याच्या तोंडाशी उणे १०९. पूर्वेच्या कठड्याला टेकल्यावर उणे १०४. वर्ग आणि कठडा यांत फरक पंधराचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण ही मोजणी वेगळी आहे. दर दहाला ताकद दहापट बदलते आणि दर तीनला दुप्पट किंवा निम्मी होते. म्हणजे त्या कठड्यापाशी वर्गापेक्षा जवळजवळ तीसपट जास्त सिग्नल होता. उंची एका मजल्याचीच वाढली, पण तेवढ्यात पत्रा सुटला, भिंत सुटली आणि समोरच्या ओल्या फणसाच्या पानांची आड निघाली.

कठड्यावरही बाई फोन इकडून तिकडे सरकवत होत्या. खालून बघणाऱ्याला ते खुळेपणाचं वाटेल. तसं नाही. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते. थेट आलेली लहर आणि डोंगरावर, टाकीवर, सळ्यांवर आपटून आलेली लहर कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे एकमेकींना मारतात. त्यामुळे चार बोटं सरकलं तरी आकडा पाच-सातने हलतो. चांगली जागा सापडली की फोन तिथेच ठेवायचा, हातात धरायचा नाही, कारण हात आणि डोकं दोन्ही लहर अडवतात. आम्ही कठड्यावर खडूने खूण केली, फोन पिशवीसकट विटेला टेकवून ठेवला आणि वायरचा इअरफोन लावला. फोर-जी आणि टू-जी यांच्यामध्ये फोन सारखा उड्या मारू नये म्हणून नेटवर्क फक्त फोर-जीवर ठेवलं. मग स्पीड मोजला. खाली येणारा वेग ४ एमबीपीएसच्या थोडा वर. वर जाणारा ०.१८, म्हणजे १८० केबीपीएस.

माझं सगळं म्हणणं या दोन आकड्यांत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

मोबाईलचं बोलणं दोन वाटांनी चालतं. टॉवरकडून फोनकडे येणारी एक, फोनकडून टॉवरकडे जाणारी दुसरी. टॉवर वीसेक वॅट, कधी त्याहून जास्त ताकदीने बोलतो. आपला फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. देवळावरचा भोंगा खोऱ्यापलीकडच्या माणसाला ऐकू येतो, पण त्याने नुसत्या तोंडाने दिलेली हाक देवळापर्यंत येत नाही, तशातला हा प्रकार आहे. टॉवरचे कान फार तीक्ष्ण असतात, त्यामुळे जवळपास हा फरक जाणवत नाही. पण टप्प्याच्या कडेला आधी तुटते ती वर जाणारी वाट. आणि फोनवरच्या काड्या फक्त खाली येणारी वाट दाखवतात. म्हणून "रेंज तर फुल दिसतीय, पण माझा आवाज कुणाला जात नाही" ही तक्रार खरी असते. फोन गरम होणं आणि बॅटरी भराभर उतरणं ही त्याची दुसरी खूण. टॉवर गाठायला फोन सारखी पुरी ताकद लावत असतो.

आता हिशेब बघा. अशा बैठकीत नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस लागतात. स्वतःचा चेहरा बऱ्यापैकी दिसावा म्हणून कॅमेरा लावला तर ६०० च्या आसपास. बाईंच्या कठड्यावर वर जाणारी वाट १८० ची. म्हणजे ऐकणं व्यवस्थित, प्रश्न विचारणं व्यवस्थित, हजेरीचा फॉर्म तर काही किलोबाइटचा, तो चुटकीसरशी जावा. बसत नाही तो फक्त कॅमेरा.

अकराला सत्र सुरू झालं. विषय पायाभूत वाचनाचा होता आणि सांगणाऱ्या ताई फार छान सांगत होत्या. मी शेजारी छत्री धरून बसलो होतो, एक इअरफोन माझ्या कानात. बाई वहीत उतरवून घेत होत्या. ओळखीच्या अक्षरांपासून शब्द कसे बांधायचे हे सांगून झाल्यावर "तुमच्या शाळेत अडचण कुठे येते?" असं विचारलं. बाईंनी माईक लावून सांगितलं की आमची पोरं घरात बोलतात ते शब्द पाठात नसतात, म्हणून मी आधी त्यांच्याच तोंडचे शब्द फळ्यावर घेते. ताईंना ते आवडलं. "अगदी बरोबर," म्हणाल्या. आवाज तुटला नाही. पाऊणएक तास असा गेला.

मग सूचना आली. "सर्वांनी कॅमेरे सुरू करा, नाहीतर उपस्थिती धरली जाणार नाही." बाईंनी माझ्याकडे बघितलं. नको म्हणायचा मला काय अधिकार? त्यांनी कॅमेरा लावला. काही सेकंद त्यांचा चेहरा चौकटीत दिसला, मग गोठला, मग ताईंचा आवाज तुटक तुटक यायला लागला, आणि "पुन्हा जोडत आहे" असं चक्र फिरायला लागलं. वर जाणारी वाट कॅमेऱ्याने भरून टाकली की "मला मिळालं, पुढचं पाठवा" ही पोचही टॉवरकडे वेळेत जात नाही, म्हणून येणारं सुद्धा अडकतं. बैठकीतून बाई बाहेर फेकल्या गेल्या. परत आत जायला गेल्या तर प्रतीक्षा कक्षात. आत घेणारा माणूस तेव्हा दुसऱ्या कामात असेल, त्यांना कुणी घेतलं नाही. सत्र संपलं. हजेरीची लिंक बैठकीतल्या चॅटमध्ये टाकली होती, म्हणजे बाहेर पडलेल्याला ती दिसलीच नाही. शेजारच्या शाळेतल्या सरांनी ती व्हॉट्सॲपवर पाठवली तेव्हा फॉर्म बंद झाला होता.

त्या बारा वाजता खाली उतरल्या. वर्गात दुसऱ्या शिक्षकांनी चारही वर्ग एकत्र बसवले होते. बाईंच्या वहीत चार पानं भरली होती. यादीत त्या पुन्हा गैरहजर.

यावर कुणी म्हणेल, शिक्षकाने स्वतः सोय बघावी. त्यांनी बघितली आहे, त्याहून जास्त काय बघणार? एक तोडगा मीही करून दिला. जुना फोन कार्डासकट स्लॅबवरच्या खुणेवर ठेवायचा, हॉटस्पॉट लावायचा, आणि दुसरा फोन घेऊन जिन्याखाली कोरड्यात बसायचं. त्यामुळे पावसात भिजणं आणि शेवाळावर उभं राहणं टळतं. पण वर जाणारी वाट तीच १८० ची राहते, कारण टॉवरशी बोलणारा फोन तोच. माणसाची जागा बदलली, टॉवरचं अंतर बदललं नाही.

पावसाबद्दलही एक गैरसमज आहे. "पाऊस लागला की रेंज जाते" असं सगळे म्हणतात आणि कार्यालयात ते बहाण्यासारखं वाटतं. मोबाईलच्या लहरींना पावसाचं पाणी फारसं अडवत नाही. पण आपल्याकडे पाऊस लागला की वीज जाते, आणि टॉवर चालतो तो विजेवर. वीज गेली की तो ४८ व्होल्टच्या बॅटरीवर जातो आणि बॅटरी जुनी असली की काही तासांत बसतो. सिग्नल जर वीज गेल्यावर दोन-तीन तासांनी एकदम, पूर्ण गेला आणि वीज आल्यावर परत आला, तर ती बॅटरी समजावी. सिग्नलचा आकडा चांगला पण नेटच हलत नसेल, तर टॉवरपासून पुढची जोडणी अडलेली असते किंवा टॉवरवर गर्दी झालेली असते. अशा जोडण्या पुष्कळ ठिकाणी हवेतून, फार वरच्या वारंवारितेवर चालतात आणि त्यांना मात्र मुसळधार पाऊस बाधतो. म्हणजे शिक्षक सांगतात ते खरं असतं, फक्त कारण वेगळं असतं.

फायबर आलंय की, असंही म्हटलं जाईल. भारतनेटचं काम २०११ पासून चालू आहे आणि ते मुळात ग्रामपंचायतीपर्यंत पोचण्यासाठी आखलेलं आहे. आमची वाडी ग्रामपंचायतीच्या गावापासून डोंगर चढून जावं एवढी लांब. बाईंनी तिथे जायचं तर शाळा अर्धा दिवस एका शिक्षकावर सोडावी लागते. गावाच्या नावापुढे सोय झाल्याची खूण पडली की वाडी त्यातच धरली जाते. नवा टॉवर यावा ही मागणी आम्ही वेगळी लावून धरली आहे, ती आपल्या हातातली नाही हे मला कळतं.

आपल्या हातात आहे ते मागतो. कॅमेऱ्याची सक्ती पूर्ण काढा. ज्याला जमेल तो लावेल. कुणी खरंच ऐकतो आहे का हे पाहायचं असेल तर मध्येच एखादा प्रश्न विचारा आणि उत्तर एका ओळीत चॅटमध्ये मागा. एका ओळीला डेटा लागतोच किती? हजेरीचा फॉर्म त्याच दिवशी रात्री नऊपर्यंत उघडा ठेवा आणि त्यात हजेरीच्या बटणाऐवजी सत्रातल्या मजकुरावरचे तीन-चार प्रश्न घाला. बाईंच्या चार पानांना तिथे किंमत येईल, आणि लिंक लावून बाजूला बसलेला कुणी असेल तर तोही कळेल. लिंक सकाळी नऊला न टाकता आदल्या दिवशी दुपारी, शाळा सुटायच्या आत टाका, म्हणजे ती घरी जातानाच्या वाटेवर मिळते.

आणि रेकॉर्डिंग. सबंध व्हिडिओ पाठवू नका. तो शेकडो एमबीचा होतो आणि अशा वाडीत रात्रभर उतरत नाही. बोलण्याला पुरेशी असलेल्या ३२ केबीपीएसच्या दर्जात तासाभराचा आवाज साठवला तर साडेचौदा एमबीच्या आत बसतो. तो आणि दाखवलेली पानं पीडीएफमध्ये, एवढं व्हॉट्सॲप गटावर टाकलं तर एकदा स्लॅबवर चढून उतरेपर्यंत हातात येतं. हे करायला वेगळा निधी लागत नाही. सत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाला सांगितलं तर तो संध्याकाळपर्यंत करून देईल.

बाईंच्या खुलाशाला मी मोजलेले आकडे जोडले आहेत: वर्गातला, व्हरांड्यातला, कठड्यावरचा, आणि वर-खाली जाणारे दोन्ही वेग, फोनच्या पडद्याच्या छायाचित्रांसह. तो आपल्यापर्यंत येईल तेव्हा कृपया वाचावा आणि दोन्ही सत्रांची गैरहजेरी काढून टाकावी. पुढच्या प्रशिक्षणाच्या नोंदणी फॉर्ममध्ये एक रकाना वाढवता आला तर फार बरं होईल: "आपण सत्राला कुठून जोडले जाणार, आणि तिथे वर जाणारा वेग किती?" जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांची उत्तरं एका जागी आली की कुठल्या केंद्रातल्या शिक्षकांना प्रत्यक्ष बोलावून प्रशिक्षण द्यावं लागेल हे आपल्याला यादीतूनच दिसेल. वेग कसा मोजायचा हे शिक्षकांना दाखवायचं असेल तर मी राधानगरी आणि गगनबावड्यातल्या कुठल्याही केंद्राच्या शिक्षण परिषदेला स्वखर्चाने यायला तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी
कोल्हापूर